सावलीच्या टोकाचा संशय

आमचे हे गणिताचे मास्तर. लेक त्यांच्याच वर्गात, म्हणून परीक्षेचा पेपर उशीखाली घेऊन झोपतात. जन्माचे संशयी!

यंदा प्रश्न होता: सहा मीटर उंच दिव्यापासून दीड मीटर उंचीचा माणूस सेकंदाला दीड मीटर वेगाने दूर चाललाय, तर सावलीचं टोक किती वेगाने सरकेल? लेकीने लिहिलं, अर्धा मीटर.

"अगं, अर्ध्या मीटरने सावलीची लांबी वाढते! माणूसही चालतोय ना? टोक दोन मीटरने सरकतं," हे तिच्यावर खेकसले.

मी म्हटलं, "चुकली, म्हणजे पेपर बघितला नव्हता. आता तरी पटलं?"

हे चष्मा पुसत राहिले. मग हळूच म्हणाले, "इतकं नेमकं चुकायला बरोबर उत्तर आधी माहीत असावं लागतं."