ट्रॅक्टर कोणत्या ओळीत होता

ठाण्यात अकरा वर्षं शिकवूनही सिडनीला आल्यावर मी दोन वर्षं एका कारखान्यात बिस्किटांचे पुडे भरत होते. मग ब्लॅकटाउनच्या बाजूला एका शाळेत चौथीचा वर्ग मिळाला, पण कच्चा. वर्षभरात इन्स्पेक्टर येऊन माझा तास बघणार, त्याला पसंत पडलं तर नोकरी पक्की, नाहीतर पुन्हा बिस्किटं. नवऱ्याला ती बिस्किटं आवडायची, त्यामुळे त्याच्या सहानुभूतीवर माझा फारसा विश्वास नव्हता.

पहिल्याच आठवड्यात वाचनाचा तास होता. उतारा छोटा होता. एक आजी टेबलावर दोन कप मांडते, घड्याळाकडे दोनदा बघते. फाटक वाजतं तशी ती इतक्या घाईने उठते की खुर्ची पडते. दारात पोस्टमन असतो. आजी एक कप परत कपाटात ठेवते. खाली प्रश्न होता, आजीला काय वाटत असेल?

हा तर माझ्या हातचा मळ! मी उत्तर फळ्यावर लिहून दिलं. आजी विधवा आहे, एकुलता एक मुलगा शहरात नोकरीला आहे, आणि सून त्याला आईकडे येऊ देत नाही. आमच्याकडे उत्तर असंच देत. बाई सांगत, मुलं उतरवून घेत, परीक्षेत तेच लिहीत.

मुलांनी पेन्सिली उचलल्याच नाहीत. खिडकीपाशी एक मुलगी बसायची. ती वर्गात क्वचितच बोलत असे. तिने हात वर केला.

"मिस, सून कुठे आहे?"

"म्हणजे?"

"उताऱ्यात. सून कुठल्या ओळीत आहे?"

मी उतारा पुन्हा वाचला. सून नव्हती. मुलगा नव्हता. नवरा मेल्याचाही उल्लेख नव्हता. एवढं भरलेलं घर मी माझ्या पदरचं घातलं होतं. राग आला, खोटं कशाला बोलू? दहा वर्षांच्या पोरीने बाईंना अडवायचं म्हणजे काय!

मधल्या सुट्टीत शेजारच्या वर्गाच्या बाईंकडे गाऱ्हाणं घेऊन गेले. त्या निवृत्तीला आलेल्या होत्या आणि चहात चार चमचे साखर घालत. त्या म्हणाल्या, "उतारा सगळं सांगत नाही, खुणा ठेवतो. दोन कप, घड्याळ, पडलेली खुर्ची. त्यात आपल्याला माहीत असलेलं थोडंसं मिळवायचं, की माणूस घाईने का उठतो, वगैरे. मग उत्तर निघतं: ती कुणाची तरी आतुरतेने वाट बघत होती आणि निराश झाली. कोणाची, ते उताऱ्यात नाही. तर मग 'सांगता येत नाही' हेही उत्तरच की, डिअर." आणि त्यांनी एक नियम सांगितला. उत्तर देणाऱ्याने ज्या ओळीच्या आधाराने ते दिलं, त्या ओळीवर बोट ठेवायचं. बोट ठेवायला जागा नसेल तर ते उत्तर अंदाजपंचे.

तेव्हापासून माझ्या वर्गात एकच गजर चालला, "ओळ दाखव!" मुलं हुशार झाली आणि भयंकरही झाली. हेडमास्तर म्हणाले, उद्या ऊन पडेल, तर तीन पोरांनी ओळ मागितली. घरी मीही सोडलं नाही. "भाजीत मीठ कमी आहे वाटतं," असं नवरा म्हणाला तर मी पुरावा विचारत असे.

शेवटी इन्स्पेक्टरचा दिवस उगवला. ठाण्याला आमच्या शाळेत इन्स्पेक्टर यायचे तेव्हा आठवडाभर आधी भिंती पुसल्या जात आणि साहेब जे बोलतील त्याला सगळ्यांनी मान डोलवायची, हा अलिखित कायदा होता. मी आदल्या दिवशी नारळाच्या वड्या केल्या. साडी नेसावी की स्कर्ट घालावा यात एक तास गेला, शेवटी साडी नेसले.

इन्स्पेक्टर उंच आणि गंभीर होते, करड्या सुटातले. मागच्या बाकावर वही उघडून बसले. मी उतारा दिला. शेतावरचं घर. वडील पाण्याच्या टाकीवर बोटाने वाजवतात, वरपासून खालपर्यंत पोकळ आवाज येतो. शेडमध्ये नवा ट्रॅक्टर उभा आहे, पण त्यावर लाल धूळ बसली आहे. आई तिन्ही मुलांना एकाच टबातल्या पाण्यात आंघोळ घालते आणि ते पाणी टोमॅटोच्या रोपांना ओतते. प्रश्न होता, या घराला कसली काळजी आहे?

पोरांनी धडाधड बोटं ठेवली. टाकी रिकामी, टब एकच, पाणी टोमॅटोला. दुष्काळ. मला स्वर्ग दोन बोटं उरला.

तेवढ्यात इन्स्पेक्टर मागून म्हणाले, "छान. आणि ही माणसं गरीब आहेत, नाही का?"

खिडकीपाशी हात वर गेला. मनात म्हटलं, बाई गं, आज नको.

"सर, शेडमध्ये नवा ट्रॅक्टर आहे," ती म्हणाली. "तिसरी ओळ."

"बरोबर. पण तीन मुलांना एकच टब—"

"ते पाणी नाही म्हणून, सर. पैसे नाहीत म्हणून कुठे लिहिलंय?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. आता साहेबांची बाजू सावरायची, अकरा वर्षांची सवय तेच सांगत होती. पण तोंडाला वर्षभराची दुसरीच सवय लागलेली.

"सर," मी म्हणाले, "ओळ दाखवता का?"

बोलले आणि जीभ चावली. इन्स्पेक्टरांनी चष्मा चढवला. त्यांचं बोट कागदावरून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत गेलं, परत वर आलं.

"नाही सापडत," ते म्हणाले आणि वहीत काहीतरी लिहिलं. मग उठले. वडी घेतली नाही. हसलेही नाहीत.

दुपारी हेडमास्तरांनी मला अर्धं पान आणून दिलं. पक्का निकाल नंतर पोस्टाने येणार होता, हे नुसते इन्स्पेक्टरांचे शेरे होते. "वाच आणि नो वरीज," ते म्हणाले. मी वाचलं. बाई फार भरभर बोलतात. फळ्यावरची अक्षरं लहान. खिडक्या बंद. पुढे वाचायचं धैर्य झालं नाही. घरी येऊन पिशवी फेकली आणि ओक्साबोक्शी रडले.

"मी नापास झाले. वडीसुद्धा घेतली नाही त्याने!"

नवऱ्याने कागद सरळ केला आणि शांतपणे वाचला.

"नापास कुठे लिहिलंय?"

"चेहऱ्यावर लिहिलं होतं त्याच्या!"

"चेहरा उताऱ्यात नाही. ओळ दाखव."

त्याला हाणावंसं वाटलं. त्याने स्वतःच बोट ठेवलं, खालून दुसऱ्या ओळीवर. 'पुढच्या वर्षी बाईंनी पाचवीला याच पद्धतीने अधिक मोठे उतारे घ्यावेत.'

"ज्या बाईला काढायचंय, तिला कोणी पुढच्या वर्षीचं काम सांगतं का?"

मी डोळे पुसले. मग त्याने बोट शेवटच्या ओळीवर सरकवलं. 'ट्रॅक्टरबद्दलचं उत्तर बरोबर होतं.'

मी पुन्हा रडले, पण या वेळी त्याने कारण विचारलं नाही. दोघांनी मिळून उरलेल्या वड्या संपवल्या.

दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन मी खिडकीपाशी गेले आणि त्या मुलीला शेवटची ओळ दाखवली. तिने ती दोनदा वाचली. गाल लाल झाले. मग माझ्याकडे बघून तिने विचारलं, "हे त्यांनीच लिहिलंय कशावरून, मिस?"

मी सहीवर बोट ठेवलं.