नखांचा रंग

माझी आई अकोल्यात एकटी राहायची. सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून तिनं उभी हयात नोकरी केली आणि निवृत्तीनंतर दोन खोल्यांचं घर बांधलं. पौर्णिमेला पांढरं लुगडं नेसून विहारात वंदनेला जायचं आणि त्याच्या आदल्या दिवशी केस काळे करायचे, हा तिचा वर्षानुवर्षांचा नेम. तथागतांनी केस रंगवायला कुठंही सांगितलेलं नाही, असं मी एकदा म्हटलं होतं. "मनाई केली काय?" तिनं विचारलं. मी पुस्तकं पुष्कळ वाचली आहेत; ती पुन्हा चाळली, तर मनाईही कुठं सापडली नाही.

त्या पौर्णिमेला धाकटा भाऊ पुण्याहून येणार होता. तो मोठा अधिकारी आहे आणि घरच्या गोष्टीसुद्धा मुद्देवार बोलतो. पावसाळ्यात आईनं दूध गॅसवर ठेवलं आणि ते विसरून ती शेजारणीकडे जाऊन बसली, तेव्हापासून त्यानं पुण्यातल्या एका वृद्धनिवासाची चकचकीत पुस्तिका मिळवून ठेवली होती. तिच्यात 'सुवर्णसंध्या' हा शब्द नऊ वेळा होता आणि म्हातारं माणूस एकाही फोटोत खोकत नव्हतं. पुन्हा असं काही घडलं तर आईला तिथं हलवायचं, असं आमचं फोनवर ठरलं होतं. मी 'हो' म्हटलं होतं. 'हो' म्हणायला अमरावतीत बसून काही लागत नाही.

तो यायच्या आदल्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमाराला, मी अमरावतीहून अकोल्याला पोचले. दार उघडंच होतं. आई मोरीसमोरच्या स्टुलावर बसली होती. डोक्यावर वाळलेल्या डायची खपली, तिच्यावर पुन्हा ओला डाय, कपाळावर, कानांवर, मानेवर काळे ओघळ. पांढरा टॉवेल खांद्यावर, तोही अर्धा काळा. बाथरूमच्या फरशीवर, बेसिनवर, बादलीच्या कडीवर सगळीकडे बोटांचे ठसे.

"आत्ताच लावला," ती म्हणाली. "अर्धा तास होऊ दे."

खिडकीत दोन वाट्या होत्या. एकीत डाय वाळून तडकला होता, दुसरीत अजून ओला होता. केराच्या डब्यात दोन रिकाम्या पुड्या. म्हणजे सकाळी एकदा लावून ती विसरली होती आणि दुपारी तिनं पुन्हा लावला होता. मला एवढंच दिसत होतं की उद्या सकाळी भाऊ येणार आणि हे बाथरूम पाहणार.

आधी कोमट पाण्यानं केस धुतले, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग मी साबण घेऊन तिचं कपाळ घासायला लागले, तशी तिनं माझा हात धरला. "चामडी सोलतं काय? खोबरेल तेल आन." तेल लावून दहा मिनिटं थांबायचं, कापसानं हलकं पुसायचं, पुन्हा तेल, मग साबण. कपाळ बरंच निघालं. कानामागं करडी छटा राहिली. ती म्हणाली, दोन-चार दिवसांत कातडीसंगंच जाईल. दवाखान्यात जखमेच्या औषधांचे डाग तिनं आयुष्यभर असेच काढले होते.

टॉवेल मी गरम पाण्यात टाकायला निघाले होते. तिनं थंड पाण्यात टाकायला लावला, गरम पाण्यानं डाग पक्का बसतो म्हणून. साबणानं चोळून मग ब्लीच घातलेल्या पाण्यात भिजवला. सुती आणि पांढरा होता म्हणून चाललं, रंगीत असता तर त्याचा रंगही गेला असता.

नखांना मात्र काही लागू पडेना. कोपऱ्यावरच्या दुकानातून नेलपॉलिश काढायचं पाणी आणलं, जुन्या दातांच्या ब्रशनं साबण चोळला, लिंबू फिरवलं. नखांभोवतीची कातडी उजळली. नखं तपकिरीच राहिली.

मग मी बाथरूमकडे वळले. गुळगुळीत फरशी ओल्या फडक्यानं निघाली. फरशांमधल्या सांध्यांत मात्र डाय मुरला होता. त्यावर ब्लीच ओतलं. पाच मिनिटं गेली तरी फरक दिसेना. माणूस घाईत असला की वाचलेलं सगळं विसरतो. कोपऱ्यात संडास धुवायच्या अ‍ॅसिडची बाटली होती, तीही मी वरून ओतली.

क्षणात नाकात आणि घशात काहीतरी चरचरत घुसलं. डोळ्यांसमोरचं दिसेना. खोकत मी तिथंच वाकले. मागून आईनं माझ्या दंडाला धरून मला बाहेर ओढलं आणि बाथरूमचं दार लावून घेतलं. घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या आणि मला अंगणात आणून बसवलं.

"ब्लीचात अ‍ॅसिड टाकत असतेत काय? विषारी वायू होते. वार्डात नव्या पोरींले पह्यल्याच दिवशी सांगत होतो मी." तिचा आवाज तीस वर्षांपूर्वीचा होता. "आता हवा जाऊ दे. तोवर आत पाय नाही टाकायचा."

बऱ्याच वेळानं तिनं दारातूनच बादल्यांनी पाणी सोडलं. मी अंगणात खोकत बसले होते आणि विचार करत होते की आमच्या दोघींपैकी एकटीनं राहायला लायक कोण.

संध्याकाळपर्यंत बाथरूम स्वच्छ झालं. पुड्या मी माझ्या पिशवीत घातल्या आणि दुसरी वाटी घासून ठेवली. डाग काढताना मी पुरावाही काढत होते, हे मला ठाऊक होतं. भावाला काय सांगायचं ते मात्र ठरत नव्हतं. एका दिवसात तिनं दोनदा डाय लावला हे खरं होतं. तिनं मला वाचवलं हेही खरं होतं. त्याच्या मुद्द्यांच्या यादीत दोन्हींना एकदम जागा नव्हती.

सकाळी तो आला. हातपाय धुवून आला आणि म्हणाला, "आई, बाथरूम एकदम छान ठेवलं." पुस्तिका त्याच्या बॅगेतून डोकावत होती. आईनं चहाचा कप त्याच्यापुढं ठेवला, तेव्हा त्याची नजर तिच्या बोटांवर गेली. मी घाईनं म्हणाले, "डाय लागला थोडा."

"थोडा नाही," आई म्हणाली. "दोनदा लावला मी, बाबू. पह्यला लावल्याची याद नाही राह्यली. हे पोरगी कालपासून पुसून राहिली."

भावानं बॅगेकडे हात नेला.

"ते पुस्तक राहू दे," ती म्हणाली. "म्या ठरवलं. नखाचा रंग निंघेस्तोवर अमरावतीले हिच्या घरी राहतो. नख साफ झालं की परत इथं येतो. तवा अजून विसरली तर मंग तू म्हणशीन तिथं येतो."

भावानं मुदत विचारली. नख मुळापासून टोकापर्यंत वाढायला पाच-सहा महिने, असं आईतल्या परिचारिकेनं सांगितलं. त्याला मुदत मिळाली आणि तिला परतीची वाट. त्यानं मान डोलावली. मग ती पांढरं लुगडं नेसून विहारात गेली.

आता चार महिने झाले. दर रविवारी मी अमरावतीच्या घरात तिची नखं कापते. मुळाकडून गुलाबी नख वर सरकत आलं आहे, टोकाला तपकिरी पट्टी उरली आहे. ती चष्मा लावून ती पट्टी बघते. "अकोल्याच्या घराची चावी नीट ठेवली ना तू?" असं विचारते. चावी मी नीट ठेवली आहे.

गेल्या रविवारी सकाळी उन्हात बसून मी तिची दहाही नखं कापली. जेवणानंतर ती आतून नेलकटर घेऊन आली, माझ्यासमोर बसली आणि हात पुढे केले.

"काप ना, बाई. आज रविवार आहे."

मी तिचा हात हातात घेतला आणि एकेका बोटावरून नेलकटर नुसतंच फिरवलं.