आईचं नाव कोणाच्या खात्यात

वरूडला आमचं संत्र्यांचं पॅकिंग शेड होतं. माझा नवरा बागा बघायचा, धाकटा दीर विक्री, आणि मी पगारापासून दोरीपर्यंत उरलेलं सगळं. तिघंही पगारावर, म्हणजे कागदोपत्री मीही नोकरच. कपाशी-सोयाबीनने त्या वर्षांत माणसं पार पिळून काढली होती. आमच्याकडच्या प्रत्येक पगारावर गावाकडचं एक आख्खं घर टेकलेलं असायचं. घरात म्हातारं माणूस आजारी पडलं की कामावरची बाई पंधरा दिवस गायब. म्हणून मी सगळ्या कायम माणसांचा मिळून आरोग्य विमा काढायचं ठरवलं.

अकोल्याचा एजंट दोन पर्याय घेऊन आला. हप्ता दोन्हींचा जवळपास सारखाच. एकात कुटुंबाला तीन लाखांचं संरक्षण, पण फक्त नवरा, बायको आणि दोन मुलं. दुसऱ्यात दोन लाख, पण आईवडीलही आत.

"वहिनी, तीन लाखवाला घ्या," दीर म्हणाला. "म्हाताऱ्यायले कायले घेता? सारे दावे त्यायचेच येतीन."

"म्हणूनच घेऊन राहिली," मी म्हटलं.

तेव्हा मी स्वतःला फार हुशार समजायची. शेडमध्ये सगळ्यांना गोळा करून, खोक्यावर उभी राहून, मी थाटात सांगितलं की घरातल्या प्रत्येकाला दोन-दोन लाख मिळतील. एजंट माझ्या मागे खोकत होता. मला वाटलं, शेडमधली धूळ. शेवटी तो म्हणाला, "मॅडम, दोन लाख सगळ्या घरात मिळून." खोक्यावरून उतरायला जागा नव्हती, नाहीतर उतरले असते.

मग नीट समजावलं. टोपली एकच, घरातल्या सगळ्यांनी मिळून त्यातूनच खायचं. दवाखान्यातल्या खोलीला रोजची मर्यादा दोन हजार. त्याहून महाग खोली घेतली तर नुसतं भाड्यातलं जास्तीचं नाही, डॉक्टर-ऑपरेशनचे पैसेही त्याच हिशेबात कापले जातील. आधीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून धरणार, हे मी एजंटकडून जादा हप्ता मोजून लिहून घेतलं होतं.

फळांची प्रतवारी करणारी आमची मुख्य बाई पुढे आली. तिच्या आईच्या पित्ताशयात खडे होते, डॉक्टरने ऑपरेशन सांगितलं होतं, आणि ते पैशावाचून अडलं होतं. आई तिच्याकडेच राहायची.

"बाई, मायी माय यात हाय ना?"

एजंटने यादी पाहिली. "तुमचे सासू-सासरे टाकलेत. लग्न झालेल्या बायकांचे तसेच धरलेत."

"काहून? सासू तं वलगावले मोठ्या दिराकडं रायते. मायी माय मायाजवळ हाय."

ती यादी मीच मंजूर केली होती. सही करताना मला त्यात काही खटकलंसुद्धा नव्हतं. लग्न झालं म्हणजे सासरचेच आईबाप, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं, की स्वतःच्या आईचाही विचार आला नाही.

"कंपनीचा नियम काय आहे?" मी एजंटला विचारलं.

"आईवडील किंवा सासू-सासरे. एकच जोडी. इकडची एक, तिकडचा एक असं चालत नाही, आणि वर्षभर बदलता येत नाही."

"जोडी कोण निवडतं?"

"तसं... कर्मचारीच."

"मग यादी फाडा."

दीर उसळला. "वहिनी, बायकांच्या घरात भांडणं लावून राहिल्या तुमी."

"भांडण लावत नाही, विचारून राहिली. आणि माझ्या नावापुढे माझी आई लिहा. अकोल्याला एकटी राहते."

"मंग आमची माय?"

"तुमची माय तुमची आहे ना, भाऊजी? तुम्हीही पगारावर आहात. तुमच्या नावापुढे लिहा की."

इतकी वर्षं सासूबाईंची औषधं, पथ्यं, दवाखाना सगळं माझ्याकडे होतं, म्हणून या दोन्ही भावांना आपली आई आपल्या खात्यात बसते, हे सुचलंच नव्हतं. घरी सासूबाईंना सांगितलं, तर त्या सुपारी कातरता कातरता म्हणाल्या, "धाकट्याच्याच नावावर टाक. पोट्ट्याले मायी आठवण तं येईन."

बायका एकेक करून आल्या. बहुतेकींनी आपले आईवडील लिहिले, दोघींनी सासू-सासरे. दुसऱ्या दिवशी तीन नवरे दारात उभे. त्यात प्रतवारीवालीचाही.

"माया मायचं काय?" त्याने विचारलं.

"तुमच्या मालकाला सांगा विमा काढायला. नसेल काढत तर माझ्याकडे पाठवा त्याला, समजावते. इथे नोकरी तिची आहे."

तो बराच वेळ पुटपुटत राहिला. मी खुर्चीवरून उठले नाही. नाव बदललं नाही.

अमरावतीला तिच्या आईचं ऑपरेशन झालं. एसीची खोली रिकामी आहे, असं दवाखान्यातली बाई दोनदा म्हणाली. आमच्या प्रतवारीवालीने भाडं विचारलं आणि साधी घेतली. मी भेटायला गेले, तेव्हा तिचा नवरा सासूसाठी मुगाची खिचडी घेऊन जिन्यातून येत होता, तोंड अजून फुगलेलंच. मी म्हटलं, "फुगू द्या हो, पण डबा सरळ धरा."