पट्टी सोडून मारलेला गोल

मुलांनो, तुमच्या आजोबांची बदली जव्हारच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणून झाली तेव्हा मी तिथल्या अंध मुलांच्या वसतिशाळेत इंग्रजी आणि ब्रेल शिकवत असे. ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं असतील. तिथे आम्ही फुटबॉलही खेळत होतो. आता तुम्ही विचाराल, न दिसता फुटबॉल कसा?

बाजारपेठेत सायकली दुरुस्त करणारे एक चाचा होते. त्यांनी आमच्या चेंडूचं कातडं उसवून आतल्या बाजूला छर्रे भरलेल्या चपट्या डब्या शिवल्या. चेंडू घरंगळला की खुळखुळ वाजे. थांबला की गप्प, मग पंच त्याला हलवून दाखवत. मैदान लहान, दोन्ही बाजूंना कारवीच्या काठ्यांचे कुड, म्हणजे चेंडू बाहेर न जाता परत येई. चेंडूकडे धावणाऱ्याने "आलो, आलो" ओरडायचं, नाहीतर फाऊल. बघणाऱ्यांनी मात्र गोल होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. गोलकीपर तेवढा डोळस. एका बाजूला आमचा स्वयंपाकी उभा राही. चेंडू त्याच्या पायांमधून गेला की मुलं म्हणत, "मामा, डोळे उधार देऊ का?"

गोलच्या मागे मी उभी राही. मुलगा जवळ आला की "डावीकडे, अजून, मार" असं सांगणं हे माझं काम. पेनल्टीच्या वेळी लोखंडी चमच्याने आधी एक खांब वाजवायचा, मग दुसरा, म्हणजे मारणाऱ्याला गोलची रुंदी कळे.

आणि सगळ्या खेळाडूंच्या डोळ्यांवर काळी पट्टी. काहींना पूर्ण अंधार, काहींना थोडा उजेड. पट्टीने सगळे सारखे होत.

जव्हारकडच्याच वांगणी गावचा एक सोळा-सतरा वर्षांचा मुलगा आमचा सगळ्यात चांगला खेळाडू. त्याला उजव्या डोळ्याने थोडं दिसतं, असं त्याच्या कागदांत होतं आणि तोही तसंच सांगे. त्या रविवारी त्याचे वडील पहिल्यांदाच सामना बघायला आले. अर्धा रस्ता चालत, अर्धा जीपने. मुलाच्या डोळ्यांवर पट्टी बघताच ते थेट मैदानात घुसले.

"बाई, याचे डोले कशाला बांधले?"

मी समजावू लागले, पण त्यांना ऐकायचं नव्हतं.

"थोडा उजेड हाये त्याला. तो जपायला तुमच्याकडं धाडला, आन तुमी त्योच झाकून ठेवता? असं करून ऱ्हायलेला बी जायचा. चल रं, घरी चल."

"बाबा, खेळ संपू द्या," मुलगा म्हणाला.

"मग पट्टी सोड नि खेळ. बघू दे मला."

दुसऱ्या संघातली मुलं लगेच ओरडली, "वा रे! त्याला दिसणार, आणि आम्ही काय चाचपत बसायचं?" नेमकी तेव्हाच त्याच्या संघाला पेनल्टी मिळालेली होती, विरुद्ध बाजूचा एकजण "आलो" न म्हणताच त्याच्यावर आदळला होता. वडिलांनी मुलाला घेऊन जाऊ नये म्हणून मी म्हटलं, ही एक पेनल्टी पट्टीशिवाय मारू दे.

वडिलांनी स्वतःच्या हाताने पट्टी सोडली. मी चमचा उचलला, तर त्यांनी हात आडवा केला. "वाजवू नका. त्याला दिसतंय."

मुलगा चेंडूमागे उभा राहिला. तोंड गोलकडे होतं, पण थोडं कलतं, आवाज येईल त्या बाजूला कान देऊन. ऊन सरळ त्याच्या डोळ्यांवर पडत होतं आणि तो पापणीही मिटत नव्हता. तो थांबला. बराच वेळ थांबला.

मग हळूच म्हणाला, "बाई, वाजवा ना."

मी वडिलांकडे बघितलं. त्यांचा आडवा हात खाली आला होता. मी एक खांब वाजवला, मग दुसरा. त्याने मारलं. चेंडू स्वयंपाक्याच्या हाताखालून आत गेला. मुलं ओरडली, पण तो जागचा हलला नाही.

वडील त्याच्याजवळ गेले. "कधीपासून?"

"मागल्या भातकापणीपासून."

"आन सांगत होतास, दिसतंय म्हणून."

"तुमी घरी न्याल म्हणून. आईला सांगू नका, बाबा."

"मग तिला काय सांगू?"

वडील कुडाला टेकून उकिडवे बसले. मी पाणी नेलं, त्यांनी घेतलं नाही. तुमच्या आजोबांनी दुसऱ्या दिवशी डोळा तपासला आणि ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथूनही काही चांगलं कळलं नाही.

त्या संध्याकाळी मात्र वडील उठले तेव्हा मला वाटलं, आता मुलाचा हात धरून निघतील. त्यांनी हात धरला नाही. पट्टी खाली पडली होती, ती उचलून माझ्याकडे दिली.

"ऱ्हाऊ दे त्याला इथंच," ते म्हणाले. "घरी नेला तर त्याची आय रोज त्याच्या तोंडापुढं हात हलवून बघंल."

एवढं बोलून ते जीपच्या थांब्याकडे निघाले. मुलगा त्यांच्या पावलांचा आवाज ऐकत मैदानातच उभा होता. मी हाक मारली तरी वळला नाही.