मागच्या पानावरचं उत्तर

आमच्या अकरावीच्या, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या, भौतिकशास्त्राच्या पुस्तकाची शेवटची आठ पानं सगळ्यात आधी फाटायची. धडे कोरे करकरीत राहायचे, पण ही पानं तेलकट, काळी, कोपरे दुमडलेली. कारण त्या पानांवर उत्तरं होती. आणि आमच्या सरांचा नियमच होता, "उत्तर मागं छापलंय. तिथपर्यंत पोचायचं. कसं पोचायचं ते तुमचं तुम्ही बघा." आजही हे वाक्य आठवलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. साठ वर्षं होत आली, तरी जाते.

मी शिरूरला मावशीकडे राहून शिकत होते. घर दौंडला, रेल्वेच्या क्वार्टरात. बाबा पॅसेंजर गाडीवर ड्रायव्हर. आईचं म्हणणं, दौंडला राहिली तर ही दिवसभर इंजिनं बघत बसेल. म्हणून मला मावशीच्या स्वाधीन केलं. त्या वर्षी दिवाळीनंतर मला टायफॉईड झाला. दीड महिना अंथरुणात गेला, धडे बुडाले. पण गणितं बुडाली नव्हती. पाठ करायला मी कच्ची होते, पण गणित मला आपोआप सुटायचं. आधी सगळी एककं एका जातीची करून घ्यायची, मग सूत्र, मग आकडे, आणि शेवटी उत्तरापुढे एकक. आठवीला असताना एका म्हाताऱ्या गुरुजींनी ही सवय लावली होती. एकक न लिहिलेलं उत्तर ते वाचायचेच नाहीत. "पाच काय? पाच शेळ्या का पाच कोस?" असं म्हणून वही परत फेकायचे.

आमच्या अकरावीच्या सरांची तऱ्हा उलटी. ते तपासायला बसले की लाल पेन्सिल सरळ शेवटच्या ओळीवर यायची. आकडा जुळला की बरोबरची खूण, नाही जुळला की फुली. वरचं काही वाचायचंच नाही! मग वर्गानं शिकावं तरी काय? पोरांनी उत्तरापासून उलटं यायची विद्या आत्मसात केली. कुठं दोननं भागायचं, कुठं एखादा आकडा गिळायचा, आणि काहीच जमलं नाही तर शेवटच्या ओळीत बिनधास्त छापील आकडा ठोकून द्यायचा.

त्या सुमारास सगळीकडे मैल जाऊन किलोमीटर आले होते. पुस्तकही नवं निघालं. जुन्यातलीच गणितं, फक्त एककं बदललेली.

प्रिलिमला त्यातलंच एक गणित आलं, सहा मार्कांचं. ताशी ४८ किलोमीटर वेगानं जाणारी गाडी ब्रेक लावल्यावर १३४ मीटरवर थांबते, तर तिचं मंदन किती? मंदन म्हणजे दर सेकंदाला वेग कितीनं कमी होतो ते. मला हसूच आलं, घरचंच गणित! ४८ किलोमीटरचे ४८,००० मीटर, तासाचे ३,६०० सेकंद, म्हणजे वेग सेकंदाला १३.३३ मीटर. त्याचा वर्ग १७७.८. अंतराच्या दुपटीनं, म्हणजे २६८नं भागला. ०.६६३ आले. दिलेल्या वेगात दोनच सार्थ, म्हणजे भरवशाचे, अंक, मग उत्तरात जास्तीचे आकडे मिरवण्यात अर्थ नाही. मी लिहिलं, ०.६६ मीटर/सेकंद². खाली पट्टीनं रेघ मारली.

पेपर हातात आला तेव्हा त्या रेघेवर ही मोठी फुली होती. सहापैकी शून्य. एकूण मार्क एकतीस. पास व्हायला पस्तीस लागायचे, आणि प्रिलिमला एका विषयात जरी नापास तरी शाळा बोर्डाचा फॉर्म पाठवत नसे. फॉर्म सोमवारी पुण्याला जाणार होते. मला नर्सिंगला जायचं होतं. मिशनच्या दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टरनी जूनसाठी जागा धरून ठेवली होती, पण मॅट्रिक पास असेल तरच. फॉर्म गेला नाही तर जागा गेली.

शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीला त्याच गणितात सहापैकी सहा होते. मी तिचा पेपर ओढून घेतला. तिचंही ०.६६३३५ पर्यंत अगदी माझ्यासारखंच. आणि त्याच्या खालच्या ओळीत, मध्ये काहीसुद्धा नाही, सरळ "= २.२ मीटर/सेकंद²".

"अगं, हे कुठून आलं?"

"मागल्या पानावरून," ती म्हणाली. "तुला कुणी सांगितलं होतं शहाणपणा करायला?"

मी तशीच शिक्षकांच्या खोलीत गेले. सर चहा पीत होते. मी पायऱ्या दाखवल्या, त्यांनी पुस्तक उघडून उत्तर दाखवलं. मी म्हटलं, "सर, पण एकदा करून तरी बघा ना."

"छापणारे येडे, आन् तू तेवढी शहाणी?" सर म्हणाले. "आणि हे काय, दोनच आकडे? बाकीचे कुठं सांडले? एवढीशी गणितं करायची आन् वाद घालायला पुढं. जा."

मी गेले. रडले नाही.

शनिवारी दुपारच्या एस.टी.नं दौंड गाठलं. न्हावऱ्याला गाडी पंक्चर होऊन अर्धा तास उभी राहिली, तेवढ्यात मी मांडीवर तेच गणित तीनदा केलं. तीनदा ०.६६. घरी बाबा नुकतेच ड्यूटीवरून आले होते, तोंडावर कोळशाची काजळी तशीच. मी एका दमात सगळं ओकले.

बाबांनी पेपर घेतला, २.२ ऐकलं आणि म्हणाले, "व्हय गं, या हिशेबानं गाडी थांबाया किती जागा लागंल?"

मी काढलं. १७७.८ भागिले ४.४. जेमतेम ४० मीटर.

"चाळीस मीटर म्हंजी दोन डबं!" बाबा ओरडले. "अठ्ठेचाळीसच्या वेगातली पॅसेंजर दोन डब्यांत उभी न्हाई करत कुणी! समदी माणसं फळीवरनं खाली येतील. तुझ्या सरानं कवा ब्रेक मारलाय का?" मग पेपर पुन्हा डोळ्यांजवळ नेला. "आन् अठ्ठेचाळीस, एकशे चौतीस, असं येडंवाकडं आकडं कोण घालतंय? थांब."

त्यांनी खुंटीवरच्या कोटाच्या खिशातून एक चुरगळलेला तक्ता काढला. मैलांचे किलोमीटर झाल्यावर इंजिनांच्या शेडमध्ये सगळ्यांना वाटला होता तो. काळं बोट तक्त्यावरून फिरत गेलं. "अठ्ठेचाळीस किलोमीटर म्हंजी तीस मैल. आन् एकशे चौतीस मीटर म्हंजी... चारशे चाळीस फूट. बघ. हे मूळचं फुटाचं गणित हाय."

माझ्या अंगावर काटाच आला. ताशी तीस मैल म्हणजे सेकंदाला ४४ फूट. वर्ग १,९३६. भागिले ८८०. दोन पूर्णांक दोन! फूट! नव्या पुस्तकात गणितातले आकडे बदलले, एकक बदललं, आणि उत्तराचा आकडा बदलायचा तेवढा विसरला. गेलं वर्षभर आमचा अख्खा वर्ग फुटांना मीटर म्हणत होता.

रविवारी बाबा माझ्याबरोबर शिरूरला आले. इस्त्रीचा सदरा घालून, दाढी करून. सरांच्या ओट्यावर बसून मी दोन्ही रीती मांडून दाखवल्या, एक मीटरची, एक फुटांची. बाबा हात जोडून म्हणाले, "सर, तुम्ही शिकलेली मानसं. एवढं एकदा बघा. पोरीचं वरीस जातंय."

सरांनी या वेळी वाचलं. खरंच वाचलं, मी त्यांचे डोळे बघत होते. खाली जाताना कपाळ आवळलं, शेवटी कान लाल झाले. त्यांना कळलं. मी शपथेवर सांगते, त्यांना कळलं होतं.

मग त्यांनी पेपर मिटला. "मामा, तुमची पोरगी हुशार आहे," ते बाबांना म्हणाले. "पण आता हिला मार्क दिले तर बाकीच्या अडतीस पोरांचे कापावे लागतील. आन् बोर्डाचे तपासणारेसुद्धा हेच पुस्तक घेऊन बसणार. मी म्हणतो तसं करू. हिनं शेवटची ओळ खोडून २.२ लिहायचं. मी सहा मार्क देतो. उद्या फॉर्म जाईल."

बरोबर उत्तर खोडायचं, माझ्याच हातानं! असं वाटलं, पेपर टराटरा फाडावा आणि त्यांच्या ओट्यावर टाकून निघून यावं. बाबांकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते. फॉर्म उद्या जाणार होता.

मी पेन घेतलं. ०.६६ वर रेघ मारली. खाली लिहिलं २.२. आणि हात थांबला. मग पुढे अगदी स्वच्छ अक्षरात लिहिलं, फूट/सेकंद². खोटं मी लिहिणार नव्हते. पेपर त्यांच्या पुढे सरकवला, आणि वाट बघत बसले, आता ओरडतील, आता म्हणतील हे फूट कशाला.

सरांनी २.२ बघितलं. फुली खोडून सहा लिहिले, खाली बेरीज सदतीस केली, सही केली. "शाबास," म्हणाले. "थँक्यू सर," मी म्हटलं. हो, म्हटलं! त्याचा राग मला त्यांच्यापेक्षा माझाच जास्त येतो.

मी बाबांना एस.टी. स्टँडपर्यंत सोडायला गेले. गाडीत चढताना ते फक्त एवढंच म्हणाले, "एककाकडं बघितलंच न्हाई गं त्यानं."

सोमवारी फॉर्म गेला. पहिल्याच तासाला सरांनी माझा पेपर हातात धरून वर्गाला दाखवला. "ही पण भांडून भांडून शेवटी उत्तरापर्यंत पोचलीच," म्हणाले, आणि फळ्यावर तेच गणित पुन्हा सोडवायला घेतलं. शेवटची ओळ त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिली, २.२ मीटर/सेकंद². खाली दोन रेघा मारल्या. रविवारी ओट्यावर सगळं कळून चुकलेला माणूस! सगळ्या वर्गानं माना खाली घालून ते उतरवून घेतलं. मैत्रिणीनं मला कोपरानं ढोसलं, "लिही की."

मी हात वर केला नाही. वही उघडली आणि लिहून घेतलं, मीटर.