शेवटची दोन पाकिटं

नंदुरबारला आमचं तिखटाचं दुकान आहे. ओली लाल मिरची आम्ही बाजारातून निवडून आणतो, गावाबाहेर पथारीवर, म्हणजे वाळवणाच्या मोकळ्या माळावर, उन्हात पसरून वाळवतो, देठं खुडून घेतो आणि दळतो. मी या घरात सून म्हणून आले त्याच्या आधीपासून इथे एक रीत आहे. लॉट संपत आला की नेहमीच्या गिऱ्हाइकांना आपणहून फोन करायचा: थोडंच उरलंय, तुमच्या घरी काही कार्य आहे का? ज्यांच्याकडे लग्न असेल, नाताळ असेल, त्यांचं तिखट आधी बाजूला काढायचं. बाकीच्या बायका म्हणायच्या, ‘ऱ्हाऊ द्या, लग्नघरले द्या,’ आणि नवा माल येईपर्यंत इकडून तिकडून भागवायच्या. धंद्याच्या पुस्तकात हे बसत नसेल. आमच्याकडे बसायचं.

मग माझ्या दिरांना वेबसाईटचं खूळ लागलं. खूळ म्हणते, पण वेबसाईटला माझा विरोध नव्हता. नाशिक-पुण्याच्या लोकांनी आमचं तिखट मागवावं, यात वाईट काय? वाईट होता तो त्यांनी आणलेला तज्ज्ञ. मार्चच्या नंदुरबारी उन्हात जॅकेट घालून आला. गोदामात तिखटाच्या पोत्यांची थप्पी लागली होती, तिच्याकडे पाठ करून, शिंकत शिंकत, त्यानं लॅपटॉप उघडला आणि आम्हाला आमचं दुकान दाखवलं.

वर लाल पट्टी होती. ऑफर संपायला दहा मिनिटं, आणि सेकंद पळतायत.

‘कसली ऑफर?’ मी विचारलं.

‘मॅडम, हीच किंमत. ऑफर म्हणून दाखवायची.’

‘आणि दहा मिनिटं झाली की?’

‘काही होत नाही. पान पुन्हा उघडलं की घड्याळ पुन्हा दहापासून सुरू.’

हे त्यानं असं सांगितलं, जणू काही चंद्रावर जाऊन आला होता. खाली लिहिलं होतं, आत्ता तेवीस जण हे पाकीट बघत आहेत. कोण तेवीस? कुणी नाही. तो आकडा संगणक मनानं घालतो, मधेच सव्वीस करतो, मधेच एकोणीस. त्याच्याखाली ठळक अक्षरात: फक्त दोन पाकिटं शिल्लक. मी त्याच्या मागच्या पोत्यांकडे पाहिलं. त्यानंही मान वळवून पाहिलं आणि हसला. त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं.

पुढची गंमत पैसे भरायच्या पानावर होती. तिथे पापडाचं एक पाकीट आपोआप टोपलीत येऊन बसलेलं. नको असेल तर बारीक अक्षरातली खूण शोधून काढायची. पहिल्या पानावर दाखवलेली किंमत इथे राहतच नव्हती. नाव, पत्ता, फोन सगळं भरून झालं की शेवटच्या पानावर ‘हाताळणी शुल्क’ नावाचं पिल्लू बाहेर यायचं. तिखट हाताळल्याशिवाय कसं विकतात, हे मला आजवर कळलेलं नाही. मी म्हटलं, हे पहिल्याच पानावर का सांगत नाही? तो म्हणाला, इतकं भरून झाल्यावर माणूस सहसा मागे फिरत नाही.

आणि मोठं पाकीट घ्या म्हणून एक चौकट उघडायची. तिच्यात दोन बटणं. एकावर ‘हो, हवं.’ दुसऱ्यावर ‘नको, मला भेसळीचं तिखट चालेल.’

‘हे वाक्य दुकानात उभं राहून गिऱ्हाइकाच्या तोंडावर म्हणून दाखव,’ मी त्याला म्हटलं. ‘इथल्या बायका तुला पायताण दाखवतील.’

‘सगळे हेच करतात, मॅडम,’ तो म्हणाला. या लोकांचं हे एकच शास्त्र. खिसेकापू निदान पळून तरी जातो. हे बिल हातात देतात, आणि त्याच्या खाली हात जोडल्याचं चित्रही छापतात.

दीर म्हणाले, ‘वैनी, एक हंगाम देखूत तर खरं.’ यजमानांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि चाळण बघायला निघून गेले. वाद टाळायची त्यांची ही जुनी तऱ्हा. तज्ज्ञानं जाता जाता आमच्या फोनवर एक सूचना भरून ठेवली: ऑर्डर आता फक्त वेबसाईटवर.

ऑर्डरी आल्या, नाही असं नाही. लांबलांबच्या गावांहून आल्या. दीर मोबाईलवर वर चढणारी रेघ दाखवत दुकानभर फिरायचे. त्याच रेघेखाली लोकांचे निरोप यायचे: पापड मागवले नव्हते, हे शुल्क कसलं, आधी का नाही सांगितलं. ते निरोप दीर कुणाला दाखवत नव्हते. एकदा मागवलेल्यानं दुसऱ्यांदा मागवलं, असं मला तरी एकही नाव दिसलं नाही. पण चढत्या रेघेपुढे वहिनीला कोण विचारतो!

मला खुपत होतं ते वेगळंच. नवापूरची गल्ली गप्प होती.

नवापूरला एक मावशी आहेत. माहेर त्यांचं इथलंच, धानोऱ्याचं. दरवर्षी उन्हाळ्यात त्या आपल्या अख्ख्या गल्लीचं वर्षाचं तिखट एकदम सांगायच्या. हिंदू घरं, ख्रिस्ती घरं, सगळ्यांचं मिळून. आम्ही पोती एसटीनं पाठवायचो. उन्हाळा सरत आला तरी त्यांचा फोन नाही, ऑर्डर नाही. आजारी तर नसतील, अशी पाल मनात चुकचुकली. नात्यातल्या एका साखरपुड्यासाठी मी नवापूरला गेले, तेव्हा आधी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले.

मावशी ठणठणीत होत्या. ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. पाणी दिलं, विचारपूस झाली. मग मी म्हटलं, ‘मावशी, यंदा तिखट नई मागाडं?’

‘कसाले मागाडसूत व बहीण?’ त्या म्हणाल्या. ‘तुमनाकडे दोनच पाकिटं उरेल शेतस ना. अवकाळीमा पथारीवरनी मिरची गई, आम्ही ऐकं. मी बठ्ठी गल्लीले सांगं, कोनी हात लावू नका. कोना घर लगीन व्हई, तेस्ले ऱ्हाऊ द्या.’

आणि माझ्याकडे अशा कौतुकानं पाहिलं, की बघ, तुझ्या घराची अडचण आम्ही न सांगता ओळखली.

अवकाळी पाऊस खरा झाला होता. काहींची मिरची भिजलीही होती. आमची त्याआधीच गोदामात आली होती, आणि त्यातलं अख्ख्या नवापूरला पुरेल इतकं तिखट अजून शिल्लक होतं. दुसऱ्या कुठल्याही गावचं माणूस ‘दोनच शिल्लक’ वाचून झडप घालतं. त्या तज्ज्ञाचा सगळा धंदाच त्या झडपेवर चालतो. या बायकांनी हात मागे घेतला, कारण आमच्या घरानं संपत आलं म्हटलं की ते खरंच संपत आलेलं असतं, आणि मग आपलं मागे ठेवायचं असतं. हे शिकवलं कुणी? आम्हीच. सबंध गल्ली त्या वर्षी विसरवाडीच्या रस्त्यावरून आणलेलं विटकरी रंगाचं तिखट खात होती आणि घरातल्या पुरुषांची बोलणी ऐकून घेत होती. कुठल्याशा नसलेल्या लग्नघरासाठी.

मावशींची सून आतून मोबाईल घेऊन आली. ‘आते बी दोनच शेतस,’ ती म्हणाली. ‘मी देखं तवय बी दोनच व्हतीस. घड्याळ बी तसंच.’ तिनं पान बंद करून पुन्हा उघडलं. दहा मिनिटं. पुन्हा उघडलं. दहा मिनिटं. ती बिचारी आपल्या मोबाईललाच दोष देत होती.

मावशींनी मोबाईल हातात घेतला नाही. माझ्याकडे पाहिलं.

‘तुमना घरमा तिखट शे का नई?’

‘शे, मावशी. भरपूर शे.’

‘मंग हाई कोनी लिखं?’

मी सांगितलं. दीर, तज्ज्ञ, घड्याळ, सगळं. सांगताना लाज वाटली आणि चीडही आली. त्या जॅकेटवाल्याची चीड, जो आत्ता कुठल्या तरी दुसऱ्या गावात दुसऱ्या कुणाच्या तरी घराचा शब्द विकायला काढत असेल. मावशी उठून आत गेल्या. चहा केला. उन्हाबद्दल बोलल्या. तांदूळ निवडून संपवले.

घरी परतल्यावर मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. दिरांनी तज्ज्ञाला फोन लावला. तो म्हणाला, घाई काढली तर विक्री पडेल. मी फोन घेतला आणि म्हटलं, खोटी घाई दाखवून, न मागितलेलं टोपलीत घालून, किंमत लपवून विकायला सरकारनंही मनाई केलीय, हे तुला ठाऊक आहे ना? ठाऊक होतं त्याला! म्हणाला, ते मोठ्या कंपन्यांसाठी, तुमच्याकडे कोण बघायला येतंय! पकडत कुणी नसेल तर खोटं चालतं, एवढीच त्याची अक्कल. त्याला काढला. घड्याळ काढलं, तेवीस माणसं काढली, ती ‘फक्त दोन पाकिटं’ आणि भेसळीचं बटण काढलं, पापड टोपलीबाहेर ठेवले, टपालासकट पूर्ण किंमत पहिल्या पानावर आणली आणि फोनवरची ती सूचना पुसून टाकली. दिरांची रेघ खाली आली. ते आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत, बरंच झालं.

मग मी मावशींना फोन केला. चूक झाली म्हटलं, सगळं काढून टाकलंय म्हटलं, गल्लीचं तिखट उद्याच्या एसटीनं पाठवते म्हटलं.

‘पाठाड,’ त्या म्हणाल्या. मला हायसं वाटलं. वाटलं, मिटलं.

‘एक इचारू का व?’ मावशी म्हणाल्या. ‘मन्हा पोऱ्या फौजमाईन पहिली खेप घर उना व्हता, त्या उन्हाळामा तू फोन करा व्हता. थोडंच उरेल शे म्हने. मी मन्हं सोडी दिधं. पोऱ्याले बाजारनं तिखट खावाडं. तवय खरंच कोना घर लगीन व्हतं का?’

होतं. विसरवाडीजवळच्या एका घरी होतं, मुलीचं. ते तिखट मी माझ्या हातानं बांधून दिलं होतं. पण ते मावशींना दाखवायला माझ्याकडे माझ्या शब्दाशिवाय काहीच नव्हतं.

‘व्हतं, मावशी. देवनी आन.’

‘व्हई,’ त्या म्हणाल्या. असेल.

इतक्या वर्षांत मला त्यांच्यापुढे कधी शपथ घ्यावी लागली नव्हती.