बायकोचा बदल

ऑफिसात त्याला सगळे ‘वॉचमन’ म्हणत. तो काही गेटवर उभा राहायचा नाही. चष्म्याच्या दुकानांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत तो प्रोग्रॅमर होता, आणि कुणीही साठवलेल्या माहितीच्या रचनेला हात लावला की तो बदल त्याच्या नजरेखालून जायचा. दुकानांमध्ये वर्षानुवर्षांची गिऱ्हाइकं साठलेली: कुणाचा नंबर काय, काच कुठल्या कोनात बसवायची, दोन बुबुळांमधलं अंतर किती. त्यातल्या कितीतरी नोंदी कंपनीच्या अगदी पहिल्या प्रोग्रॅमने लिहिलेल्या. नवा प्रोग्रॅम आला म्हणून जुन्या नोंदी बदलत नाहीत. नव्यालाच त्या वाचता यायला हव्यात. हे बघणं त्याचं काम, आणि त्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. निदान त्याला तसं वाटायचं.

त्याची बायको त्याच कंपनीत होती. आली तेव्हा तिला हाताला धरून शिकवलं ते यानेच. प्रेम जमलं तेही त्याच ऑफिसात, चहाच्या मशीनपाशी. लग्नानंतर सगळं छान चाललं होतं, आणि मग मॅडमनी, म्हणजे कंपनीच्या मालकीणबाईंनी, नव्या व्हर्जनचं काम बायकोकडे सोपवलं. तिला काचेची केबिन मिळाली. हा बाहेर, प्रिंटरशेजारी.

“अरे, केबिनमध्ये एसी जास्त आहे. माझं तर नाक गळतं,” ती म्हणाली. त्याला बरं वाटावं म्हणूनच म्हणाली असेल. त्याला ते लागलं.

घरीही सुटका नव्हती. त्याची आई शेजारणीला दारातच गाठून सांगायची, “आमची सूनबाई आता सगळ्यांची साहेब झालीय हो!” आणि मग आठवण झाल्यासारखी, “हा पण आहे तिथेच.” हे ‘पण’ त्याला दिवसभर टोचत राहायचं. सातवीतल्या लेकीने एकदा जेवताना विचारलं, “बाबा, आई तुझी बॉस आहे?” बायको हसली, “छे गं, तो माझा वॉचमन आहे.” सगळे हसले. तोही हसला, आणि भात न घेताच उठला.

त्यातच बायकोने तो बदल लिहिला.

आजवर बुबुळांमधलं अंतर एकच आकडा म्हणून साठवलं जायचं, त्रेसष्ट मिलिमीटर म्हणा. पण नाक काही बरोबर मधोमध नसतं. एक डोळा नाकापासून एकतीसवर, दुसरा बत्तीसवर असू शकतो, आणि काही काचांना तेवढ्यानेही फरक पडतो. म्हणून बायकोने एका आकड्याच्या जागी दोन केले, उजवा वेगळा, डावा वेगळा.

तो चुका शोधायलाच बसला, अगदी बाह्या सरसावून. पहिली शंका होती की जुन्या नोंदीतल्या एका आकड्याचे हिने सरळ दोन भाग केले असतील. तसं केलं असतं तर त्याने तिला फाडून खाल्लं असतं. पण तिने जुना आकडा वाचताना एकूण म्हणूनच ठेवला होता आणि उजवा-डावा रिकामे सोडले होते. शेजारी टीप होती: ‘जे मोजलेलं नाही ते मोजल्यासारखं दाखवायचं नाही.’ त्याने दुसरा डाव टाकला. सगळ्यात जुन्या प्रोग्रॅममध्ये हा आकडा ‘त्रेसष्ट, तिरकी रेघ, साठ’ असा मजकूर म्हणून लिहिलेला असे, लांबचं आणि जवळचं मिळून. हे ऑफिसात फक्त आपल्याला ठाऊक आहे असा त्याचा समज होता. बायकोने तेही हाताळलं होतं, नमुन्याच्या जुन्या नोंदी वापरून तपासणीही लिहिली होती. त्याच्या तोंडात मारल्यासारखं झालं. हिला हे सांगितलं कुणी? मग आठवलं, आपणच, लग्नाआधी, शायनिंग मारताना.

मग त्याने बारीकसारीक कुरापती काढायला सुरुवात केली. या फील्डचं नाव लांब आहे. इथे एक ओळ मोकळी सोड. ही टीप वर हवी. ती प्रत्येक सूचनेखाली शांतपणे ‘बरं’ लिहायची आणि दुरुस्त करायची. त्या ‘बरं’चाही त्याला राग यायचा.

एका दुपारी सगळे जेवायला गेले असताना तो चाचणीच्या कोपऱ्यात बसला. तिथे दोन कॉम्प्युटर असत, एकावर दुकानांत चालू असलेला जुना प्रोग्रॅम, दुसऱ्यावर नवा. आतापर्यंत दोघांनीही एकच दिशा तपासली होती: नवा प्रोग्रॅम, जुनी नोंद. त्याने उलटं करून बघितलं. नव्यात एक मोठ्या चेहऱ्याचं गिऱ्हाईक तयार केलं, दोन्ही बाजू पस्तीस, एकूण सत्तर. सेव्ह केलं. मग तीच नोंद जुन्या प्रोग्रॅममध्ये उघडली.

जुन्यात बासष्ट दिसलं.

नवा प्रोग्रॅम एकूण आकडा लिहीतच नव्हता. जुन्याला तो सापडला नाही, आणि सापडला नाही की तो बिनबोभाट बासष्ट धरून चालायचा. त्याने जुन्यातून फक्त फोन नंबर बदलून सेव्ह केलं आणि परत नव्यात पाहिलं. उजवा-डावा गायब! जुन्या प्रोग्रॅमला जे रकाने ओळखीचे नव्हते ते त्याने परत लिहिलेच नव्हते. ज्या साखळीची पाच-सहा दुकानं एकच माहिती वापरतात, तिथे सगळीकडे नवं व्हर्जन एकाच दिवशी कधीच बसत नाही. एका दुकानाने लिहायचं आणि दुसऱ्याने पुसायचं.

खरं तर त्याने उठून केबिनचं दार ढकलायला हवं होतं. दहा पावलंसुद्धा नव्हती. पण शुक्रवारी मॅडमपुढे बायको नवं व्हर्जन दाखवणार होती. सगळं ऑफिस असणार होतं. त्याला डोळ्यांपुढे दिसलं: ती बोलतेय, सगळे माना डोलावतायत, आणि मग आपण म्हणतोय, “एक मिनिट.”

तो जाग्यावर आला आणि रिव्ह्यूमध्ये लिहिलं, ‘त्या टिपेत स्वल्पविराम हवा.’

दुसऱ्या दिवशी मॅडम त्याच्या टेबलाशी थांबल्या. “वॉचमन, काही मोठं सापडलं का? बाकी बारीक दिसतंय सगळं. साखळीवाल्यांच्या एका दुकानात आजपासून शुक्रवारपर्यंत लावून बघू म्हणते.”

एका दुकानात म्हणजे बाकीची जुन्यावरच. त्याने सांगायला तोंडही उघडलं. तेवढ्यात मॅडम केबिनकडे बघत म्हणाल्या, “काय काम करते ना ती! तुला अभिमान वाटत असेल.”

“हो ना,” तो म्हणाला. “लावा. चालेल.”

शुक्रवार आला. बायकोने निळा कुर्ता घातला होता, जो त्यानेच तिला घेतला होता, आणि ती छान बोलत होती. ती थांबली तेव्हा तो म्हणाला, “एक मिनिट.” जाऊन दोन्ही कॉम्प्युटरवर त्याने सत्तरचं बासष्ट करून दाखवलं, मग उजवा-डावा पुसून दाखवला. आवाज किंचित चढलाच.

पहिली बोलली ती दुकानांचे फोन घेणारी ताई. “अगंबाई, म्हणजे तेच हे! सकाळी एका बसच्या ड्रायव्हरची तक्रार आलीय. मोजमाप घेतलं नव्या व्हर्जनच्या दुकानात, चष्मा केला दुसऱ्या शाखेत. म्हणे लावला की गरगरतं, रस्ता ओढल्यासारखा दिसतो. दुकानदार म्हणतो अंतर चुकलंय, पण कसं ते कळेना.”

बायकोचा चेहरा पडला. “चूक माझी आहे,” ती म्हणाली. “मी फक्त मागचं बघितलं. नवं लिहिलेलं जुन्याला कसं दिसेल ते बघितलंच नाही.” मग तिने त्याच्याकडे पाहिलं. नजर रागाची नव्हती, काहीतरी जुळवत असल्यासारखी होती. “यादीत अशीच एक चाचणीची नोंद मंगळवारचीही आहे. तुला मंगळवारी कळलं होतं?”

स्क्रीनवर त्या नोंदीची तारीख लख्ख दिसत होती. त्याने ती लपवायचा विचारही केला नव्हता.

“खात्री करत होतो,” तो म्हणाला.

“आणि मधे स्वल्पविराम?”

कुणी हसलं नाही. मॅडम एवढंच म्हणाल्या, “आधी ते दुकान जुन्यावर आणा. बाकी नंतर.”

उपाय अवघड नव्हताच. तासाभरात बायकोने तो फळ्यावर मांडला, आणि त्यात खोट काढायला यालाही जागा नव्हती. आधी एक छोटं व्हर्जन द्यायचं, जे अनोळखी रकाने जसेच्या तसे परत लिहील आणि अंतर सापडलं नाही तर बासष्ट न धरता जागा रिकामी दाखवेल. ते सगळ्या दुकानांत पोचलं की मगच उजवा-डावा सुरू करायचा, आणि तेव्हाही एकूण आकडा सोबत लिहीत राहायचा, शेवटचं जुनं व्हर्जन निघेपर्यंत.

पण मधल्या दिवसांत ज्यांची मापं पुसली गेली होती, ती कुठूनही परत येणार नव्हती. त्या गिऱ्हाइकांना परत बोलावून मोजावं लागणार होतं. ताईने फोन हातात घेतला तेव्हा तो पुढे झाला. “द्या इकडे. मी करतो.” त्या ड्रायव्हरने त्याला फैलावर घेतलं. “अहो, गाडीत पन्नास माणसं असतात माझ्या! नशीब मी पहिल्याच चौकात चष्मा काढून ठेवला.” तो “चुकलं आमचं” म्हणाला, आणि मग न राहवून, “माझं चुकलं.” ड्रायव्हरला त्या दुरुस्तीशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला चष्मा कधी मिळणार ते हवं होतं.

घरी बायको भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. लेक झोपायला गेल्यावर कपड्यांच्या घड्या घालता घालता ती म्हणाली, “माझी फजिती केलीस त्याचं मला एवढं नाही. पण मी तिथे उभी राहून बोलत असताना तू वाट बघत होतास रे.” शेवटची घडी ठेवून म्हणाली, “मी मॅडमना सांगितलंय, माझे बदल यापुढे दुसऱ्या कुणीतरी तपासावेत.”

तेव्हापासून तिचे बदल ‘ताडमाड’ बघू लागला. तो उंच, नवा, हसरा होता, आणि तितकासा वाईट रिव्ह्यूअर नव्हता. केबिनच्या काचेआड दोघं स्क्रीनवर वाकलेली दिसत, मधेच हसायची. इतके दिवस बायकोच्या केबिनवर जळणारा हा आता त्या हसण्यावर जळू लागला. तिच्या बदलांत चुका शोधण्याचा तरी हक्क होता आपल्याला, तोही आपल्याच हाताने घालवला. प्रिंटर शेजारी खडखडत राहायचा.

बाकीच्यांचे बदल मात्र तो तपासत राहिला, आणि आता काही मोठं दिसलं की तिथल्या तिथे उठून सांगायला जायचा. लोकांना वाटलं, सुधारला. तसं काही नव्हतं. खुर्चीवर बसून राहिलं की काय होतं, ते त्याला माहीत झालं होतं, एवढंच.

बऱ्याच महिन्यांनी, एका रविवारी, बायको ओट्यापाशी मटार सोलत होती. हा समोर बसून पेपर वाचत होता. मान वर न करता तिने विचारलं, “अरे, काचेचा कोन जुन्या नोंदींत शून्यही आहे आणि एकशेऐंशीही. दोन्ही एकच ना?”

“अर्थ एकच,” तो पेपर खाली ठेवत म्हणाला. “पण सगळ्यात जुन्यात शून्य म्हणजे ‘भरलंच नाही’ असंही असायचं. सोबत तिरकस नंबर असेल तरच तो कोन समज.”

“ताडमाड म्हणाला सरसकट एकशेऐंशी करून टाक.”

त्याच्या मनात एकदम उकळी फुटली. ताडमाडची जिरली! ओठांवर चार शब्द आलेही होते. ते त्याने गिळले.

“त्याला ठाऊक नसेल,” तो म्हणाला. “आण इकडे थोडे मटार.”

तिने अर्धी पिशवी त्याच्यापुढे ओतली. रिव्ह्यू मात्र ताडमाडकडेच राहिला.